नऊ इंचांचा निवाडा: तंटामुक्त गाव समितीच्या अध्यक्षांस खुले पत्र

सन्माननीय अध्यक्ष, महात्मा गांधी तंटामुक्त गाव समिती, यांस


गेल्या श्रावणातील झडीत आमच्या आळीतील मास्तरांच्या आणि शेटजींच्या घरांमधील पांढऱ्या मातीची जुनी भिंत एका रात्री बसली. दिवाळीनंतर शेटजींनी तिच्या जागी नऊ इंची विटांची भिंत घालण्यासाठी पाया खणावयास घेतला. मास्तरांनी हरकत घेतली. आणि मार्गशीर्षात आपल्या समितीने उभयतांस समोर बसवून, चहा पाजून, एक ठराव लिहून दोघांच्याही सह्या घेतल्या, ही हकीकत आपणांस मी सांगावी असे नाही. परंतु तो ठराव होऊन तीन महिने लोटले तरी भिंतीची एक वीट चढलेली नाही, उलट पूर्वी बोलणे तरी होते ते आता बंद झाले आहे, आणि मागील आठवड्यात दोघेही वेगवेगळ्या वेळी, एकमेकांस न कळू देता, माझ्या ओट्यावर येऊन बसले. दोघांनाही एकच प्रश्न पडला होता, तो असा की सही केल्यानंतर आता माघार घेता येते काय. त्या दोघांच्या अनुमतीने हे पत्र मी उघडपणे लिहीत आहे. कारण मातीच्या भिंती दर पावसाळ्यात पडतात, आणि हेच प्रकरण उद्या दुसऱ्या आळीतून आपल्यापुढे येणार आहे.

मी भूमि अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून लागलो आणि निमतानदार म्हणून सेवानिवृत्त झालो. ज्या तेहतीस फुटी साखळीचे सोळा आणे पाडून आमच्या आधीच्या पिढ्यांनी हा मुलूख मोजला, ती साखळी ओढीत मी हे काम शिकलो, आणि अखेरच्या वर्षांत उपग्रहाशी बोलणारी यंत्रेही हाताळली. त्यामुळे हद्दींच्या भांडणांत माझे बरेचसे आयुष्य गेले आहे. त्या अनुभवाच्या बळावर आपल्या ठरावासंबंधी एक गोष्ट मला स्पष्ट सांगावीशी वाटते. ठरावाची भावना निर्मळ आहे आणि त्यातील हिशेबही, पुढे दिसेल त्याप्रमाणे, आश्चर्य वाटावे इतका बरोबर आहे. परंतु त्यात एक शब्द लिहावयाचा राहून गेला, आणि त्या एका शब्दावाचून तो निरुपयोगी झाला आहे.

हिशेब प्रथम मांडतो. जुनी भिंत सव्वादोन फूट, म्हणजे सत्तावीस इंच रुंद आणि छत्तीस फूट लांब होती. तिच्या जागी नऊ इंची भिंत घातली की अठरा इंच, अर्थात दीड फूट रुंदीची पट्टी मोकळी होते. छत्तीस फूट लांबीवर ती चौपन्न चौरस फूट भरते. जोवर जुनी भिंत उभी होती तोवर ही जमीन कोणाच्याच डोळ्यांना दिसत नव्हती. भिंत पडताच ती जणू नव्याने उत्पन्न झाली, आणि नव्याने उत्पन्न झालेल्या वस्तूला मालक नेहमीच दोन असतात. शेटजींनी पाया असा आखला होता की नव्या भिंतीचा पूर्वेकडचा चेहरा जुन्या भिंतीच्या पूर्वेकडच्या चेहऱ्याशी, म्हणजे मास्तरांच्या माजघराशी, समतल यावा. त्यायोगे दीड फुटाची सगळी पट्टी पश्चिमेस, शेटजींकडे गेली असती. आपल्या समितीने ठरविले की शेटजींनी पाया नऊ इंच मागे घ्यावा आणि मोकळी जागा उभयतांनी निमेनिम समजावी. न्याय झाला असे सर्वांस वाटले, मास्तरांसही वाटले. पुढे मास्तरांचे चिरंजीव पुण्याहून आले, त्यांनी ठराव वाचला आणि विचारले, “पण बाबा, भिंत कोणाची?” या प्रश्नाचे उत्तर ठरावात नव्हते, मास्तरांपाशी नव्हते, आणि शेटजींनी जे उत्तर दिले ते मास्तरांस मान्य नव्हते.

अध्यक्षमहाराज, भिंतीच्या प्रत्येक तंट्यात दोन प्रश्न एकमेकांना चिकटून आलेले असतात, आणि ते सोडवून वेगळे केल्याशिवाय पुढे पाऊल टाकणे व्यर्थ होय. दोन मिळकतींमधील रेषा कोठून जाते, हा एक प्रश्न. आणि त्या रेषेवर किंवा रेषेलगत उभी असलेली भिंत कोणाच्या मालकीची, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर मोजणीने मिळते, दुसऱ्याचे दस्तऐवजाने. पहिल्यासाठी भूमि अभिलेख खात्याचे दार आहे. दुसऱ्यात वाद राहिलाच तर त्याचा निकाल दिवाणी न्यायालयाखेरीज कोणी देऊ शकत नाही, आपली समिती नाही, ग्रामपंचायत नाही आणि मोजणीदारही नाही. ठरावाप्रमाणे नवी भिंत जुन्या भिंतीच्या पूर्व चेहऱ्यापासून नऊ इंचांवर सुरू होऊन अठरा इंचांवर संपते. तिचा मध्य बरोबर साडेतेरा इंचांवर येतो, आणि सत्तावीस इंची जुन्या भिंतीचा मध्यही साडेतेरा इंचांवरच होता. म्हणजे नवी भिंत उभयतांची सामाईक धरली तर रेषा रेसभरही हललेली नाही, आणि समितीने नकळत अचूक निवाडा दिला आहे. परंतु तीच भिंत एकट्या शेटजींची धरली, तर मास्तरांची हद्द भिंतीच्या पूर्व चेहऱ्याशी संपते आणि त्यांचे साडेचार इंच, छत्तीस फूट लांबीवर साडेतेरा चौरस फूट, कायमचे जातात. शेटजी म्हणतात, विटा माझ्या, गवंडी माझा, म्हणून भिंत माझी. “सामाईक” हा एक शब्द ठरावात असता आणि खर्च निमेनिम असे पुढे लिहिले असते, तर आज ही भिंत गिलाव्यापर्यंत आली असती.

आता, जुनी भिंत खरोखरच सामाईक होती काय? मध्यावरून रेषा जाते हे मी गृहीत धरले; परंतु गृहीत धरणे हा मोजणीदाराचा धर्म नव्हे. जुन्या वस्तीत अनेकदा भिंत सर्वस्वी एकाच्या जागेत उभी असते, दुसऱ्याने पुढे तिच्यावर तुळया टेकलेल्या असतात, आणि दोन पिढ्यांनी तिला सामाईक म्हणण्याची चाल पडते. म्हणून समितीने उभयतांस बोलावले तेव्हा जागेची वाटणी विचारण्याआधी कागद विचारावयास हवे होते. आणि कागदांच्याही आधी एक काम होते, जे अजून करता येण्यासारखे आहे, म्हणून तेच प्रथम सांगतो.

भिंत पडली तरी तिचा पाया पडत नाही. मातीची भिंत असली तरी तिच्या बुडाशी दगडाचे जोते असते, आणि मागील परसाच्या भिंतीत ती जेथे गुंतलेली होती तेथे तुटलेल्या दातासारखा तिचा ठसा अद्याप दिसतो. या दोन गोष्टी म्हणजे या प्रकरणातील न बोलणारे साक्षीदार. शेटजींच्या गवंड्याने दहा-बारा फुटांतील जुने दगड काढून नव्या कामासाठी रचून ठेवले आहेत. उरलेले चोवीस फूट शाबूत आहेत. शेजाऱ्यांनी प्रथम बोलावयाचे ते या साक्षीदारांबद्दल. जुनी भिंत कोठून कोठपर्यंत होती एवढ्याच गोष्टीवर, ती कोणाची हा विषयही न काढता, दोघांनी उभे राहून सहमत व्हावे; दोन्ही चेहऱ्यांच्या टोकांना खुंट्या ठोकाव्यात; प्रत्येक खुंटीचे अंतर न हलणाऱ्या दोन खुणांपासून, उदाहरणार्थ मास्तरांच्या दरवाजाच्या उंबऱ्याचा कोपरा आणि शेटजींच्या विहिरीचा कठडा यांपासून, फितीने मोजून कागदावर टिपावे; छायाचित्रे काढावीत; आणि दोघांनी सही करावी. माझ्या अनुभवात या घटकाभराच्या कामाने जितके तंटे निवळले तितके वर्षानुवर्षांच्या कज्ज्यांनी निवळले नाहीत. कारण माणूस हक्काबद्दल हट्ट धरतो, पण डोळ्यांसमोरच्या दगडाबद्दल सहसा खोटे बोलत नाही.

कागदांविषयी लोकांची एक ठाम समजूत आहे की ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा हाती असला म्हणजे घर आपले. शेटजींनीही तोच आणला होता, आणि त्यात त्यांच्या घराची रुंदी मास्तरांच्या समजुतीपेक्षा फूटभर अधिक दिसत होती. हा उतारा घरपट्टीच्या आकारणीसाठी असतो. मालकाने तोंडी सांगितलेली मापेही त्यात चढलेली आढळतात. त्याने मालकी सिद्ध होत नाही आणि हद्द तर मुळीच नाही. आपल्या गावठाणाचे नगर भूमापन पूर्वीच झालेले आहे, म्हणून येथे पाहावयाची ती मिळकत पत्रिका, जिला लोक प्रॉपर्टी कार्ड म्हणतात, आणि तिच्या जोडीला नगर भूमापनाच्या नकाशाची नक्कल व त्या वेळच्या चौकशी नोंदवहीचा उतारा. ज्या लहान गावांत असे भूमापन झाले नव्हते तेथे २०२० पासून स्वामित्व योजनेखाली आकाशातून छायाचित्रे घेऊन पत्रिका तयार होत आहेत. पण दोन घरांमधील भिंतीवर कौले किंवा पत्रा असेल तर आकाशातून रेषा कशी दिसणार, हे त्या पत्रिका हाती घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे आणि जाहीर नोटीस लागते तेव्हाच हरकत नोंदवावी. या सर्वांच्या पाठीशी जुनी खरेदीखते व वाटपपत्रे असतात, आणि ती घरात सापडली नाहीत तर दुय्यम निबंधकाच्या कचेरीत सूची शोधून नक्कल मिळते.

मास्तरांच्या पेटीतून त्यांच्या आजोबांचे खरेदीखत निघाले. त्यात चतुःसीमा सांगताना पश्चिमेस शेटजींच्या पणजोबांचे घर, “मधील भिंत निमे”, असे तीन शब्द आहेत. असे तीन शब्द सापडणे हे भाग्य होय. परंतु दुसऱ्या पक्षाच्या दस्तातही ते आहेत काय, हे पाहिल्याशिवाय भाग्यावर विसंबू नये. एका घराच्या खतात निमे आणि दुसऱ्याच्या खतात “भिंतीसह” असे लिहिलेले मी पाहिले आहे, आणि दोन्ही खते अस्सल होती. शेटजींचे खत अजून निघालेले नाही.

तोवर मिळकत पत्रिकेने एक पडताळा घेता येतो, आणि तो कोणीही घरबसल्या घेऊ शकतो म्हणून सविस्तर सांगतो. मास्तरांच्या पत्रिकेवर क्षेत्र ११८.६ चौरस मीटर आहे. त्यांचे घर सुदैवाने चौकोनी. पूर्वेस बोळ, पश्चिमेस ही भिंत, दक्षिणोत्तर लांबी छत्तीस फूट. बोळाकडच्या भिंतीच्या बाहेरील चेहऱ्यापासून पडलेल्या भिंतीच्या जवळच्या चेहऱ्यापर्यंत चौतीस फूट चार इंच भरतात, दूरच्या चेहऱ्यापर्यंत छत्तीस फूट सात इंच, आणि मध्यापर्यंत पस्तीस फूट साडेपाच इंच. यांना छत्तिसाने गुणून चौरस मीटर केले असता अनुक्रमे सुमारे ११४.८, १२२.४ आणि ११८.६ येतात. म्हणजे नगर भूमापन करणाराने रेषा भिंतीच्या मध्यातून घेतली होती असे अनुमान निघते, आणि ते खरेदीखतातील तीन शब्दांशी जुळते. मात्र याला अनुमानच म्हणावे. जुनी घरे काटकोनात नसतात, मातीची भिंत पोट काढते, आणि दोन मापांत दोन-दोन इंचांची चूक झाली तरी हा सुंदर मेळ मोडू शकतो. शेटजींच्या बाजूनेही असाच पडताळा घेऊन तो मध्यावरच येतो काय हे पाहिले, म्हणजे अनुमानाला दुसरा पाय मिळेल.

एवढ्याने समाधान न झाल्यास, आणि मला वाटते की होऊ नये, तालुक्याच्या उप अधीक्षक, भूमि अभिलेख यांच्याकडे हद्द कायम मोजणीचा अर्ज करावा. अर्ज आता संगणकावरूनही होतो; फी निकडीप्रमाणे कमीअधिक असते आणि दर वेळोवेळी बदलतात, ते कचेरीत विचारून घ्यावेत. येथे माझी आग्रहाची सूचना अशी की अर्ज एकट्याने करू नये. एकट्याने केलेली मोजणी कितीही चोख असली तरी दुसरा तिला पैसे चारून केलेली म्हणतो. दोघांनी मिळून, फी निमेनिम भरून केली, तर तिच्यावर बोट ठेवण्याआधी त्याला आपल्याच खिशाची आठवण होते. समितीला या कामी खरोखर उपयोगी पडावयाचे असेल तर तिने हा संयुक्त अर्ज लिहून द्यावा.

मोजणीच्या दिवसाची नोटीस लगतधारकांना जाते. ती घेण्याचे नाकारून दार लावून बसणे ही आपल्याकडची जुनी चाल. तिने मोजणी थांबत नाही, फक्त आपली बाजू सांगावयाची राहते. त्या दिवशी हजर राहावे, जुन्या पायाचे दगड दाखवावेत, आणि भूकरमापकाने दाखविलेल्या खुणा मान्य नसतील तर तसे जबाबात स्वच्छ लिहून मगच सही करावी. नंतर मिळणाऱ्या नकाशाला “क” प्रत म्हणतात. त्यात अभिलेखाप्रमाणे येणारी हद्द आणि प्रत्यक्ष वहिवाटीची हद्द या दोन वेगळ्या रेषांनी दाखविलेल्या असतात, वहिवाटीची बहुधा तुटक. लोक घाईने एकच रेषा पाहतात आणि तिच्यावरून भांडतात.

आणखी एक मर्यादा सांगितली नाही तर मी माझ्या खात्याशी प्रामाणिक पण तुमच्याशी अप्रामाणिक ठरेन. गावठाणाचे नकाशे सामान्यतः पाचशेस एक या प्रमाणावर काढलेले असतात. कागदावरची अर्ध्या मिलिमीटर जाडीची रेषा या प्रमाणात जमिनीवर पंचवीस सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ दहा इंच होते. अर्थात आपला सारा तंटा त्या रेषेच्या शाईतच मावतो. नकाशावर पट्टी ठेवून साडेचार इंच कोणाचे हे सांगणारा मोजणीदार एकतर फार भोळा किंवा फार धूर्त असला पाहिजे. अशा बारीक वादात निकाल लागतो तो मूळ भूमापनाच्या वेळी नोंदलेल्या मापांनी, शाबूत जोत्याने आणि दस्तातील शब्दांनी. म्हणूनच त्या चोवीस फुटांतील दगडांविषयी मला एवढी काळजी. मोजणी पटली नाही तर तिची पुन्हा तपासणी मागता येते, तिला निमताना मोजणी म्हणतात. ती करणारा अधिकारी वरच्या दर्जाचा असतो, आणि त्यावरही समाधान न झाल्यास जिल्हा अधीक्षकांपर्यंत जाता येते. परंतु दुसऱ्या मोजणीतून वेगळे काही निघावयाचे तर पहिलीत न पाहिलेला कागद किंवा खूण दाखवावी लागते. नुसत्या असंतोषाने जमीन लांब होत नाही.

रेषा ठरली आणि मने वळली, की लिहिणे येते. येथे दुसरी समजूत आड येते, ती म्हणजे पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर लिहून नोटरीचा शिक्का मारला की दस्त पक्का झाला. उभयतांनी आधीपासून असलेली हद्द केवळ ओळखून मान्य केली असेल तर साधा समजुतीचा लेखही पुराव्यास उपयोगी पडतो. पण एकाने आपली जागा दुसऱ्यास सोडून दिली असेल, मग ती साडेचार इंच का असेना, तर तो हक्काचा फेरबदल झाला, आणि शंभर रुपये वा अधिक किमतीच्या स्थावरातील असा हक्क १९०८ च्या नोंदणी अधिनियमाप्रमाणे नोंदणीकृत दस्तानेच जातो. आपल्या ठरावात शेटजींना भिंत एकट्याची द्यावयाची असती तर मास्तरांकडून असा दस्त घ्यावा लागला असता. तो न घेतल्यामुळे उद्या शेटजींचे घर विकावयाची वेळ आली असता खरेदीदाराचा वकील ज्या कागदावर बोट ठेवील तो हाच. यापेक्षा सोपा मार्ग तालुका विधी सेवा समितीकडे आहे. दावा लावण्यापूर्वीच उभयतांनी अर्ज करून तडजोड लोकअदालतीपुढे मांडली, तर तिचा निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकाच बंधनकारक असतो आणि त्यावर अपील चालत नाही. आपल्या समितीच्या ठरावाला असे बळ नाही. तो फार तर दोघांच्या सह्यांचा एक कागद आहे, आणि माघार घेता येते काय या प्रश्नाचे उत्तर या वाक्यात आले.

लेखात काय असावे? रेषा कोणत्या दोन खुणांपासून किती अंतरावर आहे, भिंत सामाईक, जाडी नऊ इंच, उंची किती, खर्च कसा. याहून अधिक विसरली जाते ती जमिनीखालची गोष्ट. नऊ इंची भिंतीचा पाया खाली दोन फूट पसरतो. वर सामाईक असलेली भिंत खाली मास्तरांच्या माजघरात किती शिरणार हे आधी ठरले नाही तर फरशी फोडावी लागेल तेव्हा दुसरा तंटा उभा राहील. शेटजींना पुढे वर मजला चढवावयाचा आहे, ही गोष्ट गावात सर्वांस ठाऊक असून ठरावात मात्र नाही. सामाईक भिंतीवर तो भार घालावयाचा की आपल्या हद्दीत वेगळे खांब घ्यावयाचे, आणि त्या भिंतीत खिडकी ठेवणार नाही, हे आजच लिहावे. त्याचप्रमाणे मास्तरांच्या पत्र्याचे पाणी आजवर शेटजींच्या परसात पडत आले आहे. असा उपभोग वीस वर्षे शांतपणे, उघडपणे, हक्क म्हणून आणि अखंड चालला असेल तर १८८२ च्या सुखाधिकार अधिनियमाने तो हक्क ठरू शकतो. तेव्हा पन्हाळ लावून पाणी वळवावयाचे असेल तर मास्तरांची संमती घ्यावी, आणि ती ते देतील, कारण त्यांनाही त्या पाण्याचा कंटाळा आला आहे.

समजूत न झाल्यास दिवाणी न्यायालय आहेच, आणि तेथे वेळेचे महत्त्व फार. भिंत चढू लागण्यापूर्वी मागितलेला तात्पुरता मनाईहुकूम आणि स्लॅब पडल्यानंतर मागितलेले पाडकाम यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. एखाद्याने कायदा हाती घेऊन कब्जाच काढला असेल तर सहा महिन्यांच्या आत दावा लावणारास मालकी सिद्ध न करताही कब्जा परत मागता येतो. आणि उलट, दुसऱ्याने मालक म्हणून, उघड व विरोधी भावनेने बारा वर्षे जागा बळकावली असता मूळ मालकाचा दावाच मुदतबाह्य होण्याची भीती असते. न्यायालय अशा दाव्यात बहुधा भूमि अभिलेख खात्याच्या अधिकाऱ्यास आयुक्त नेमून मोजणी करविते. म्हणजे कज्जेदलाली करून, वकिलाची फी भरून, चार-सहा वर्षांनी माणूस पुन्हा त्याच फितीपाशी येतो. महसूल बाजूने १९६६ च्या जमीन महसूल अधिनियमात रीतसर चौकशी करून हद्दीचा वाद ठरविण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांस आहे, पण भिंत निमे की पुरी हा मालकीचा प्रश्न तेथे सुटणार नाही. पोलिसांविषयी थोडेच लिहितो: अशा तक्रारीची नोंद ते बहुधा अदखलपात्र म्हणून करतात, शांतताभंगाचा संभव असेल तर कार्यकारी दंडाधिकारी अलीकडे कब्जा कोणाचा होता एवढेच पाहून हुकूम देतात, हक्क कोणाचा हे ते पाहत नाहीत. मास्तरांनी दोनदा ठाण्यावर जाऊन काय साधले ते आपण पाहिलेच. शेटजींच्या सूनबाईंनी संक्रांतीला तिळगूळ पाठविला नाही, इतकेच.

तेव्हा आपल्या समितीस माझी विनंती अशी. मार्गशीर्षातील ठराव चुकीचा होता असे म्हणावयाचे कारण नाही. तो अपुरा होता, असे नोंदवून पुढील बैठकीत तो स्थगित ठेवावा. शेटजींना त्यांचे जुने खत शोधावयास सांगावे, आणि ते सापडेना तर दुय्यम निबंधकाच्या कचेरीत मी स्वतः त्यांच्याबरोबर येईन. संयुक्त मोजणीचा अर्ज मी लिहून ठेवला आहे. त्यावर दोन सह्या तेवढ्या हव्यात. फाल्गुन सरत आला आहे, मृगाला अडीच महिने उरले आहेत, आणि मास्तरांचे माजघर सध्या एका ताडपत्रीच्या आडोशाने झाकलेले आहे. मात्र यांतले काही घडो वा न घडो, उद्या सकाळी गवंडी येण्यापूर्वी एवढा निरोप त्याच्यापर्यंत पोचवावा की उरलेल्या चोवीस फुटांतील जोत्याच्या एकाही दगडाला पहार लावू नये.

आपला नम्र,
एक सेवानिवृत्त निमतानदार